नऊ चौकोनांचा ब्लॉक सव्वासहाच का भरतो?

प्रश्न: गोधडीसाठी अडीच इंचाचे नऊ चौकोन जोडून ब्लॉक केले. त्यांच्या मधे साडेसहा इंचाचे साधे चौकोन लावायचेत, पण ब्लॉक सव्वासहाच भरतोय. मशीनच्या फुटाच्या कडेला धरूनच शिवते. थोडं ओढून बसवू का?

ओढू नका, चुण्या पडतील आणि इस्त्रीने त्या जाणार नाहीत. आधी दोन-चार चौकोन मोजून कापणी बरोबर आहे का ते बघा. ती बरोबर असेल तर दोष मायेत आहे.

पाव इंच म्हणजे दोन सूत. ओळीत तीन चौकोन, म्हणजे दोन शिलाया. दोन सूत गेलं ते या दोन शिलायांत, एकेकीत एक सूत. आणि शिलाईत दोन्ही कापडांची माया जाते, म्हणून प्रत्येक कापडाची माया फक्त अर्धा सूत जास्त घेतली जातेय. नजरेला एवढं दिसत नाही.

फुटाची कड म्हणजे पाव इंच, असं धरून चालू नका. बऱ्याच झिगझॅग मशीनचा नेहमीचा फूट त्याहून रुंद असतो. मीही पहिली गोधडी अशीच बिघडवली होती. शिवाय माया एका बाजूला दुमडली की घडीत कापडाचे एक-दोन धागे जातात, त्यामुळे अगदी नेमकी पाव इंच माया धरूनही ब्लॉक किंचित कमीच भरतो. म्हणून माया पाव इंचाला धागाभर कमी ठेवायची.

मोजपट्टी फुटाखाली ठेवा आणि हाताने चाक फिरवून सुई हळूच खाली आणा. उजव्या कडेपासून पाव इंचाची जी रेघ आहे, तिच्या किंचित उजवीकडे सुई टेकली पाहिजे. आता पट्टीच्या कडेला लागून मशीनवर मास्किंग टेपचे चार-पाच थर चिकटवा. तुळशीबागेतून आणलेली साधी टेप चालते. टेप सुईच्या पुढे, तुमच्या बाजूला दोन-तीन इंच येऊ द्या, फक्त दात्यांवर नको. शिवताना नजर सुईवर नाही, टेपवर ठेवायची. चौकोनाच्या शेवटच्या अर्ध्या इंचात कापड हमखास वळतं, तिथे हात सोडू नका.

मग चाचणी. गोधडीच्याच कापडाच्या दीड इंच रुंद तीन पट्ट्या जोडा. शिलाई आधी आहे तशीच इस्त्रीने दाबा, मग माया एका बाजूला पाडून सुलटीकडून दाबा. इस्त्री घासू नका, कापड ताणलं जातं. शिलाईजवळ घडी राहिली नाही ना, ते नखाने बघा. घडी राहिली तरी माप कमीच येतं आणि आपण उगाच टेप सरकवत बसतो. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. तुमच्या आताच्या शिलाईने ती एक सूत कमी भरेल. कमी भरली तर टेप सुईकडे केसभर सरकवा, जास्त भरली तर लांब. कापड किंवा दोरा बदलला की पुन्हा एकदा करून बघा.

झालेले ब्लॉक उसवू नका. सगळेच सव्वासहा असतील तर साधे चौकोनही सव्वासहाचेच कापा आणि ते जोडताना नवी टेप वापरा. काही सव्वासहा आणि काही साडेसहाच्या जवळ असतील, तर मात्र छोटे उसवावे लागतील.