फोटोतली चंद्रकोर वाढती की घटती?

फोटोत चंद्राची बारीक कोर आहे, पण कधी काढलाय ते माहीत नाही. ती शुक्ल पक्षातली की कृष्ण पक्षातली, कसं ओळखायचं?

उत्तर: उत्तर गोलार्धात उजवी कड उजळ असेल तर वाढती आणि डावी असेल तर घटती. पण एवढ्यावर विसंबू नका. दक्षिण गोलार्धात हे उलटं होतं, विषुववृत्ताजवळ कोर होडीसारखी आडवी दिसते आणि आरशातून घेतलेला फोटो डावं-उजवं बदलून टाकतो.

त्यापेक्षा फोटो मोठा करून चंद्रावरचे डाग बघा. उजळ कडेजवळ एकटा, सुटा लंबगोल काळा डाग दिसला, तर तो 'मारे क्रिसियम', म्हणजे कोर वाढती. घटत्या कोरीत हा भाग अंधारात असतो. त्या कोरीच्या उजळ कडेला ग्रिमाल्डी विवराचा छोटा गडद ठिपका सापडतो. फोटो उलटा असो वा आडवा, ही खूण बदलत नाही. अमावास्येनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र क्रिसियम नीट उजळलेला नसतो. तेव्हा संधिप्रकाश सायंकाळचा की पहाटेचा, हेच पाहावं लागतं: वाढती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, घटती सूर्योदयापूर्वी पूर्वेला.

दिवसही काढता येतो. कोरीची मधली जाडी भागिले चंद्राचा पूर्ण व्यास करा. जाडी ४० पिक्सेल, व्यास ४०० असेल तर १० टक्के चंद्र उजळलेला, म्हणजे अमावास्येपासून साधारण तीन दिवसांचं अंतर. फोटो जास्त उजळ आला असेल तर कोर फुगलेली दिसते आणि उत्तर चुकतं.