प्रोफाइल बदलायची, पण ऑफिसात कळू द्यायचं नाही

ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. मॅनेजर लिंक्डइनवर जोडलेले आहेत. हेडलाइन आणि कामाचं वर्णन बदललं तर त्यांना कळेल का?

हेडलाइन किंवा About बदलल्याची वर्दी कुणाला जात नाही. वर्दी जाऊ शकते ती नोकरी, पद, शिक्षण यांतल्या बदलांची. Experience मधली नोंद उघडली की Notify network असं बटण दिसतं. ते बंद आहे ना, हे सेव्ह करण्याआधी प्रत्येक वेळी बघा. मात्र मॅनेजर स्वतःहून तुमच्या प्रोफाइलवर आले, तर नवा मजकूर त्यांना दिसणारच. म्हणून सगळं एकाच रात्री पालटू नका. या आठवड्यात स्किल्स, पुढच्या आठवड्यात वर्णन. अप्रेझलच्या दिवसांत तर निम्मं ऑफिस प्रोफाइल सजवत असतं, त्यात तुमचंही खपून जातं.

ओपन टू वर्क लावलं आणि फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवलं. आमच्या एचआरला दिसणार नाही ना?

बहुतेक नाही, पण खात्री लिंक्डइनही देत नाही. Recruiters only निवडलं की फोटोभोवतीची हिरवी चौकट येत नाही, आणि तुमच्या कंपनीतल्या व तिच्याशी संबंधित कंपन्यांतल्या रिक्रूटर्सपासून ही खूण लपवायचा प्रयत्न होतो. मेख अशी, की तुमची कंपनी कोणती हे लिंक्डइन तुमच्याच प्रोफाइलवरून ओळखतं.

माझ्याकडे आलेल्या ठाण्याच्या एका ताईंनी कंपनीचं नाव हाताने टाइप केलं होतं, शेवटी ‘प्रा. लि.’ जोडून. नावाशेजारी लोगोऐवजी करडा चौकोन होता. म्हणजे ती नोंद कंपनीच्या पानाशी जोडलेलीच नव्हती, मग लपवायचं कुणापासून? आम्ही नोंद उघडली, नाव पुसलं, पहिली काही अक्षरं टाइप करून खाली आलेल्या यादीतून कंपनी निवडली, Notify network बंद ठेवलं आणि सेव्ह केलं. लोगो आला. ओपन टू वर्क त्यानंतरच सुरू केलं.

तरी एक फट उरते. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारी बाहेरची एजन्सी. तिचे रिक्रूटर्स तुमच्या कंपनीचे नाहीत, त्यांना खूण दिसते, आणि ते एचआरशी रोज बोलतात. त्यामुळे नोकरी गेली तर घर अडेल अशी स्थिती असेल, तर हे बटण सोडा आणि हव्या त्या रिक्रूटरला स्वतः मेसेज करा.

नोकरी डॉट कॉमवर रेझ्युमे अपडेट केला, आता भीती वाटतेय.

तिथे सेटिंगमध्ये कंपन्या ब्लॉक करता येतात. आपली कंपनी टाका, आणि समूहातली भावंडंही एकेक करून टाका. एकाला ब्लॉक केलं म्हणून दुसरी आपोआप होत नाही. खात्यात ऑफिसचा ईमेल असेल तर आधी तो बदला. आणि हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवरून किंवा वायफायवरून नको. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये स्वतःच्या फोनवर करा, फक्त शेजारी ऑफिसातलं कुणी उभं नाही ना, तेवढं बघून.