हराका हराका, हाइना बाराका

"बाबा, आमच्या टीचर सारख्या 'हराका हराका हाइना बाराका' म्हणतात आणि आई रोज सकाळी 'आटप लवकर' म्हणते. आपल्या मराठीत घाई चांगली की वाईट?"

प्रिय सोनू,

तुझ्या टीचर म्हणतात ती इथल्या स्वाहिली भाषेतली म्हण आहे. 'हराका हराका' म्हणजे घाईघाई, 'हाइना' म्हणजे तिच्याकडे नाही, आणि 'बाराका' तर तुझ्या ओळखीचाच आहे. आजी म्हणते ना, "असल्या पैशाला बरकत नसते"? तीच ही बरकत. मूळचा अरबी शब्द, स्वाहिलीतही आला आणि आपल्याकडेही. आपल्या घाटातली पाटी म्हणते, 'अति घाई संकटात नेई'. ती अपघाताची भीती घालते. स्वाहिली म्हण म्हणते, घाईने काम उरकेलही, पण ते लाभणार नाही. मला हे जास्त पटतं.

इथे टांझानियातल्या मोशीत हे रोज दिसतं, कारण किलिमांजारो चढणारे बरेच जण इथून निघतात. शिखर ५,८९५ मीटरवर. वाटाडे पहिल्या दिवसापासून "पोले पोले", म्हणजे हळूहळू, म्हणत राहतात. वाट सोपी असते, पायांत जोर असतो, म्हणून तरुण मुलं पुढे पळतात. पण उंचावर हवा विरळ. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. कितीही दणकट माणूस असला तरी हे दिवस चुकत नाहीत. म्हणून मारांगूच्या वाटेवर ३,७२० मीटरवरच्या होरोंबोच्या मुक्कामी बरेच जण एक रात्र जास्त राहतात. दिवसा आणखी वर चढून येतात आणि झोपायला परत खाली. घाई करणाऱ्याचं आधी डोकं दुखतं, जेवण जात नाही, मग उलट्या होतात. पाय जोरदार असूनही त्याला शिखर न बघताच परतावं लागतं.

पण तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, तर तोच वाटाडा 'पोले पोले' म्हणत बसत नाही. माणसाला ताबडतोब खाली उतरवतो, रात्र असली तरी. सकाळची वाट पाहणं तिथे जिवावर बेततं.

स्वाहिली लोकांना हेही ठाऊक आहे. त्यांची दुसरी म्हण आहे, 'न्गोजा न्गोजा हुउमिझा मातुंबो': थांबू थांबू म्हणत राहिलं की पोट दुखतं. आपणही एका तोंडाने 'अति घाई' म्हणतो आणि दुसऱ्या तोंडाने 'शुभस्य शीघ्रम्'. काम अंगात मुरायला वेळ लागतो तिथे थांबायचं, ठरलंय आणि नुसतं करायचं राहिलंय तिथे उठायचं. पाढे पाठ करणं पहिल्यातलं, बूट घालणं दुसऱ्यातलं.

म्हणजे आईचं बरोबर आहे. दप्तर रात्रीच भरून ठेवत जा, म्हणजे सकाळी दूध तरी सावकाश पिता येईल.

तुझा,
बाबा