पिनोकल: मेल्ड भरपूर असूनही बोली का बुडते?

प्रश्न: आम्ही चौघे ४८ पत्त्यांचा, भिडूंचा पिनोकल शिकतोय. मेल्ड, म्हणजे खेळण्याआधी मांडून गुण मिळवायच्या पत्त्यांच्या जुळण्या, नक्की कसं मोजायचं? हातात मेल्ड चांगलं असतं, बोलीही आमचीच होते, आणि तरी जवळपास दर वेळी सेट होतो, म्हणजे मेल्ड आणि हातांचे गुण मिळून बोली पुरी होत नाही. किती बोलायचं हे कसं ठरवतात?

उत्तर:

तुमचे आकडे समोर नाहीत, पण मेल्ड चांगलं असूनही सेट होण्यामागे बहुधा दोन कारणं असतात. एक तर मेल्डमध्ये एकच पत्ता नको तिथे दोनदा मोजला जातो. दुसरं आणि जास्त महागात पडणारं म्हणजे मेल्ड भक्कम दिसलं की हातही आपलेच होतील असं गृहीत धरलं जातं. या दोन ताकदी वेगळ्या आहेत, आणि बरेचदा एकीच्या बदल्यात दुसरी जाते.

मी इथे एक आकडी मोजणी धरतो: हुकमाचा रन १५, काउंटर, म्हणजे हातांत जिंकलेला एक्का, दश्शी किंवा राजा, एकेक गुणाचा, डाव १५० चा, किमान बोली २५. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हेच आकडे दहापट करून खेळतात, म्हणजे रन १५० आणि डाव १५००. कोणतीही एक पद्धत घ्या, पण रनचे १५० आणि काउंटरचा १ अशी सरमिसळ करू नका. तसं केलं तर मेल्डसमोर हातांना काही किंमतच उरत नाही.

पत्ते नव्वीपासून एक्क्यापर्यंत, प्रत्येक पत्ता दोनदा. क्रम एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम, नव्वी. मेंढीकोट खेळलेल्यांचा हात इथे अडखळतो, कारण दश्शी राजाला मारते. प्रत्येकाला १२ पत्ते मिळतात.

मेल्डचे तीन वर्ग आहेत, आणि हे वर्ग समजले की मोजणीतल्या बहुतेक चुका थांबतात. पहिला वर्ग एकाच रंगाच्या जुळणीचा. हुकमाचे एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम म्हणजे रन, १५ गुण. हुकमाचे राजा-राणी ४, इतर रंगातले राजा-राणी २, हुकमाची नव्वी १. दुसरा वर्ग चारही रंगांत एकेक असण्याचा: एक्के १०, राजे ८, राण्या ६, गुलाम ४. तिसऱ्या वर्गात फक्त पिनोकल येतो, म्हणजे इस्पिक राणी आणि चौकट गुलाम, ४ गुण. दोन्ही इस्पिक राण्या आणि दोन्ही चौकट गुलाम एकाच हातात आले तर दुहेरी पिनोकल, ३०. दुहेरी रन १५०, आणि आठही एक्के १००. हे दोन इतके क्वचित येतात की बोलीच्या विचारात त्यांना जागा देऊ नका.

नियम असा की एक पत्ता वेगवेगळ्या वर्गांत पुन्हा वापरता येतो, एकाच वर्गात नाही. इस्पिक राणी तिच्या राजाबरोबर २ देईल, चौकट गुलामाबरोबर पिनोकलचे ४ देईल आणि चार राण्यांतही बसेल. पण रनमध्ये मोजलेले राजा-राणी पुन्हा हुकमाच्या जोडीचे ४ देत नाहीत, कारण दोन्ही जुळण्या पहिल्या वर्गातल्या. तसंच एक इस्पिक राणी आणि दोन चौकट गुलाम असतील तर पिनोकल एकच. दोन्ही भिडूंच्या मेल्डचे गुण एकत्र लिहितात, पण तुमची राणी आणि भिडूचा राजा मिळून जोडी होत नाही.

आता एक हात बघू:

बदाम: एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम
इस्पिक: एक्का, राजा, राणी
चौकट: एक्का, गुलाम
किलवर: राजा, राणी

हुकूम बदाम धरला तर रन १५, इस्पिक जोडी २, किलवर जोडी २, पिनोकल ४. एकूण २३.

हातांचा अंदाज असा करा. एक्का, दश्शी आणि राजा हे तिन्ही काउंटर. ते २४ आहेत, शेवटच्या हाताचा एक धरून २५. एकूण हात १२, म्हणजे सरासरीने एका हातात दोन काउंटर. तुम्ही एक्का उतरलात की तो स्वतः एक, वर भिडू शक्य तेव्हा राजा किंवा दश्शी घालतो, आणि विरोधक नाइलाज नसेल तर राणी, गुलाम, नव्वी टाकतात. म्हणून खात्रीचा एक्का दोन, कधी तीन काउंटर आणतो. इथले तीन एक्के साधारण ७ धरा. उरलेल्या चार हुकमांतून एखाद-दोन हात, त्यांचे ३. बाहेरचे पाच एक्के तिघांत वाटले गेलेत, त्यातला एखाद-दुसरा भिडूकडे असेल, त्याचे २-३. म्हणजे बारा-तेरा. पण एखादा एक्का विरोधक हुकमाने कापतो, म्हणून ११ धरलेले बरे. २३ आणि ११ मिळून ३४. भिडूचं थोडंफार मेल्ड निघतंच, तेव्हा ३५ पर्यंत जाण्यात जोखीम बेताची आहे. ३८ बोलणं म्हणजे भिडूच्या पत्त्यांवर पैज लावणं.

आता याच हातात चौकट एक्क्याच्या जागी चौकट राजा ठेवा. चारही राजे झाले, मेल्ड २३ वरून ३१ वर गेलं, आणि वाटतं की बोली सरळ ८ ने वाढवावी. पण एक खात्रीचा हात गेला, दोन-तीन काउंटर गेले. शिवाय राजा हा स्वतः काउंटर असला तरी तो हात क्वचितच करतो. त्याच्यावर एक्के आणि दश्श्या मिळून चार पत्ते आहेत. तुमच्याकडे उरलेले बाजूचे तीन राजे बहुधा विरोधकांच्या एक्क्यांखाली जातील आणि त्यांचे काउंटर वाढवतील. म्हणून इथे हातांचे ११ न धरता ८ धरा: ३१ आणि ८ मिळून ३९. मेल्ड ८ ने वाढलं, बोली पाचानेच वाढली. राजे-राण्यांनी भरलेल्या हातावर सेट होण्याचं कारण हेच असतं. मेल्ड मांडताना छान दिसणारे पत्तेच खेळात सर्वांत कमजोर असतात. चार एक्के मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतात: १० मेल्डचे आणि वर चार हात.

बोलीत वाढ एकाची किंवा जास्त, पास झालेल्याला परत येता येत नाही. तिघेही पास झाले तर पत्ते वाटणाऱ्यावर किमान बोली येते. बोली घेणारा हुकूम सांगतो, आणि बऱ्याच टेबलांवर त्याच्याकडे त्या रंगाचे राजा-राणी असणं सक्तीचं असतं. काही जोड्या एकदम चार-पाचाने उडी मारून भिडूला मेल्ड असल्याचं कळवतात. असा संकेत वापरायचा असेल तर त्याचा अर्थ विरोधकांनाही आधी सांगून ठेवा.

सेटची किंमत नीट बघा. समजा वर दिलेल्या पहिल्या हातावर तुम्ही ३८ बोललात. तुमचं मेल्ड २३, भिडूकडे एक साधी जोडी आणि हुकमाची नव्वी म्हणजे ३, एकूण २६. आता १२ काउंटर हवेत. ११ मिळाले तर ३७ लिहिले जात नाहीत: मेल्ड जातं, हातांचे ११ जातात आणि वर ३८ वजा होतात. एका काउंटरने ३८ मिळण्याऐवजी ३८ गेले, फरक ७६ चा. विरोधक त्यांचं मेल्ड आणि १४ काउंटर घेऊन जातात. हेच तुम्ही ३५ वर घेतलं असतं तर ९ काउंटर पुरले असते आणि ३७ पूर्ण लिहिले गेले असते. म्हणून शेवटचे दोन-तीन आकडे चढवताना स्वतःला विचारा की विरोधकांनी ही बोली घेतली तर काय बिघडेल. बहुतेक वेळा फारसं काही नाही.

मेल्ड मांडून झाल्यावर, पत्ते परत उचलण्याआधी, बोलीतून दोघांचं मेल्ड वजा करा. उरलेला आकडा २५ पेक्षा मोठा असेल तर सेट ठरलेलाच आहे. नाहीतर तोच आकडा डोक्यात ठेवून खेळा.

खेळताना रंग द्यावाच लागतो, आणि जमत असेल तर वरचा पत्ता टाकून मारावंही लागतं. रंग नसेल तर हुकूम टाकणं सक्तीचं. एकसारखे दोन पत्ते पडले तर आधी पडलेला जिंकतो, म्हणून उतारीचा एक्का फक्त हुकमानेच कापला जातो. वरच्या हातात पाच हुकूम आणि त्यांतला एकच एक्का आहे. अशा वेळी आधी हुकूम ओढत बसू नका. बाहेरच्या सात हुकमांसाठी स्वतःचेच संपतील. इस्पिक आणि चौकट एक्के पहिल्या दोन उताऱ्यांत काढून घ्या, सगळ्यांकडे ते रंग असतानाच. दश्शी मात्र त्या रंगाचे दोन्ही एक्के पडेपर्यंत उतरू नका. मारण्याची सक्ती असल्यामुळे समोरच्याला एक्का टाकावाच लागतो आणि तुमचा काउंटर त्याच्या ढिगात जातो. एक हुकूम शेवटच्या हातासाठी राखता आला तर तो गुणही तुमचा.

मोजणी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र करा. बेरीज २५ यायलाच हवी. २४ आली तर शेवटचा हात कोणीतरी विसरलंय. २५ च्या वर गेली तर कोणीतरी राणी मोजली आहे, कारण चित्र म्हणून ती राजाबरोबर सहज मोजली जाते.

आणखी दोन नियम सुरुवातीलाच ठरवून घ्या, कारण वाद यांवरूनच होतात. मेल्ड लिहिण्यासाठी त्या बाजूने हातांतून निदान एक काउंटर मिळवलेला असावा, असं बहुतेक ठिकाणी मानतात. आणि दोन्ही बाजू एकाच वाटपात १५० ओलांडत असतील तर बोली घेणाऱ्यांचे गुण आधी मोजतात. त्यांची बोली पुरी झाली असेल तर विरोधकांचा आकडा मोठा असला तरी जिंकतात तेच.