10 क्रेट, 4 दुकानं: 68 नव्हे, 44 का?

प्रश्न: "द्राक्षांचे एकसारखे 10 क्रेट पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोडच्या 4 दुकानांत वाटायचे आहेत. प्रत्येकाला किमान 1, जास्तीत जास्त 4. वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. माझं उत्तर 68 येतंय, पुस्तकात 44 आहे. कुठे चुकलं?"

फोटोतल्या पहिल्या तीन ओळी बरोबर आहेत, गडबड चौथ्या ओळीत आहे.

आधी प्रत्येक दुकानाला एकेक क्रेट देऊन टाकला, ते योग्यच केलंत. उरले 6, आणि आता एखाद्याला यातलं काही नाही मिळालं तरी चालेल. 6 चांदण्या आणि त्यांचे चार भाग पाडणाऱ्या 3 उभ्या रेघा मांडा:

★★|★||★★★

म्हणजे उरलेल्यांतून 2, 1, 0, 3. आधीचा एकेक मिळवला की 3, 2, 1, 4. दोन रेघा चिकटल्या तर मधल्या दुकानाला या फेरीत शून्य, एवढंच. एकूण 9 जागा, त्यातल्या 3 रेघांसाठी निवडायच्या: 9C3 = 84.

आता यातून मर्यादा ओलांडणाऱ्या वाटण्या वजा करायच्या. इथे तुम्ही "5 किंवा जास्त" म्हणून 6 मधून 5 काढलेत, उरला 1, त्याचे 4C3 = 4 प्रकार, चार दुकानांचे 16, आणि 84 − 16 = 68. पण त्या 5 मधला एक क्रेट त्या दुकानाकडे आधीच गेलेला आहे! चांदण्यांच्या हिशोबात मर्यादा ओलांडायला 4 पुरतात. म्हणून 6 मधून 4 काढा. उरलेल्या 2 चांदण्या आणि 3 रेघांचे 5C3 = 10 प्रकार होतात. हे चारपैकी कुठल्याही दुकानाबाबत घडू शकतं, म्हणून 40. 84 − 40 = 44.

दोन दुकानं एकाच वेळी मर्यादा ओलांडू शकतात का, हे दर वेळी तपासा. इथे त्याला 8 चांदण्या लागतील, आपल्याकडे 6 आहेत, म्हणून प्रश्न येत नाही. क्रेट 12 असते तर चांदण्या 8 झाल्या असत्या आणि अशी वाटणी दोनदा वजा झाली असती. मग दुकानांच्या 6 जोड्यांसाठी एकेक परत मिळवावा लागतो: 165 − 140 + 6 = 31.

44 वर विश्वास बसत नसेल तर हाताने मोजून बघा, आकडे लहान आहेत. 4, 4, 1, 1 हे आकडे चार दुकानांत 6 प्रकारे बसतात. 4, 3, 2, 1 हे 24. 4, 2, 2, 2 हे 4. 3, 3, 3, 1 हे 4. 3, 3, 2, 2 हे 6. बेरीज 44.

मात्र हे सगळं क्रेट एकसारखे आहेत म्हणून चालतं. प्रत्येक क्रेटवर वेगळा नंबर असेल, तर कोणता क्रेट कुठे गेला हेही मोजावं लागतं, आणि तिथे चांदण्या-रेघा लावायच्या नाहीत.