निव्वळ नफा वाढला तरी वरचं ट्रेडिंग अकाउंट का बघायचं?

प्रश्न: आमचं दुकान आहे. टॅक्सवाल्यांनी ट्रेडिंग अकाउंट आणि नफा-तोटा खातं अशी दोन खाती दिली. शेवटी हातात येतो तो निव्वळ नफाच ना, मग ढोबळ नफा वेगळा काढतात तो कशासाठी? नुसती कॉलेजची पद्धत आहे का?

उत्तर:

मी तालुक्याच्या गावी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात हिशोब लिहितो, बरीच वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं मलाही असंच वाटायचं की खाली निव्वळ नफा आला की झालं काम. आमच्या साहेबांनी एका हार्डवेअरवाल्याच्या फाईलवरून डोळे उघडले, तीच सांगतो, आकडे सोपे करून.

पहिल्या वर्षी त्याची विक्री ६० लाख. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात १० लाखांचा माल होता, वर्षभरात ४९ लाखांची खरेदी केली, माल आणायचं टेम्पोभाडं आणि हमाली १ लाख. झाले ६० लाख. त्यातला १२ लाखांचा माल ३१ मार्चला शिल्लक, म्हणजे जो विकला गेला तो ४८ लाखांना पडलेला होता. ६० मधून ४८ गेले, १२ लाख ढोबळ नफा, विक्रीच्या २० टक्के. ट्रेडिंग अकाउंट इथं संपतं. त्याला एकच गोष्ट माहिती असते, माल केवढ्याला पडला आणि केवढ्याला गेला. पोरांचे पगार, दुकानभाडं, लाईटबिल, बँकेचं व्याज, घसारा हे सगळं खाली नफा-तोटा खात्यात, ते ८ लाख होते, निव्वळ नफा राहिला ४ लाख.

दुसऱ्या वर्षी मालक पेढे घेऊनच आला, कारण विक्री ७० लाख आणि निव्वळ नफा ५ लाख ३० हजार. साहेबांनी पेढा घेतला आणि कागदाचा वरचा भाग बघत बसले. सुरुवातीचा माल १२ लाख, खरेदी साडे५८, भाडं-हमाली दीड, शेवटी शिल्लक साडे१२. विकलेला माल पडला ५९ लाख ५० हजारांना, ढोबळ नफा १०.५० लाख, म्हणजे १५ टक्के. विक्री १० लाखांनी वाढली आणि मालावरची कमाई दीड लाखानं घटली! जुन्या २० टक्क्यांनी १४ लाख यायला हवे होते, साडेतीन लाख गायब.

मग निव्वळ नफा वाढला कसा? एक नोकर सोडून गेला आणि त्याच्या जागी मालकाचा मुलगा बसायला लागला, त्याला पगार नाही, तिथं १ लाख २० हजार वाचले. बँकेचं कर्ज फिटत आलेलं, व्याज दीड लाखावरून ६० हजारांवर आलं. घसारा थोडा कमी. वरचा माळा भाड्यानं दिला त्याचे ६० हजार आले. यातल्या एकाही गोष्टीचा खिळे-पाईप विकण्याशी संबंध नाही पण सगळ्या नफा-तोटा खात्यात येतात, आणि वर पडलेलं भोक खाली बुजवून टाकतात. आणि उद्या मुलाचं लग्न होऊन तो पगार मागायला लागला किंवा भाडेकरू गेला की ते भोक परत उघडं.

आता साडेतीन लाख गेले कुठं हे शोधायला साहेबांनी मला बसवलं. पद्धत साधी आहे. जास्त खपाच्या दहा-पंधरा वस्तू घ्यायच्या आणि प्रत्येकीचं खरेदीचं बिल आणि विक्रीचं बिल शेजारी ठेवायचं. प्रत्येक वस्तूवरच मार्जिन घसरलं असेल तर भाव चुकतोय, कंपनीनं रेट वाढवला आणि आपण जुन्याच रेटनं विकतोय असं काहीतरी. पण वस्तूवार मार्जिन ठीक आणि एकूण टक्का मात्र खाली, तर मग कमी मार्जिनचा माल जास्त खपलाय, नाहीतर माल बिलाशिवाय बाहेर गेलाय किंवा शिल्लक माल मोजण्यात घोळ आहे.

इथं या तिन्हीतली पहिली दोन निघाली. रंग, नळ, फिटिंग सगळं नीट २० टक्क्यांवर होतं, पण त्या वर्षी त्यानं सिमेंट ठेवायला सुरुवात केली होती, १६ लाखांचं सिमेंट विकलं आणि भाडं-हमाली धरून त्यात सुटले ४ टक्के, म्हणजे ६४ हजार. विक्री वाढल्याचा जो आनंद होता तो या सिमेंटचा, जुन्या मालाची विक्री तर ६० वरून ५४ वर आली होती, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. ५४ लाखांवर २० टक्के धरले तर १० लाख ८० हजार, अधिक सिमेंटचे ६४ हजार, म्हणजे ११ लाख ४४ हजार यायला पाहिजेत. कागदावर साडेदहा. अजून ९४ हजारांचा पत्ता नाही.

ते सापडले चलनबुकात. एका ठेकेदाराच्या साईटवर माल चलनावर जायचा, बिल नंतर बनवू म्हणून राहून गेलेलं, असा विक्रीच्या भावानं १ लाख १७ हजारांचा माल, २० टक्के मार्जिन काढलं तर दुकानाला साधारण ९४ हजारांना पडलेला. यात गंमत अशी आहे की माल गेला तेव्हा त्याची किंमत विकलेल्या मालात आपोआप धरली गेली, कारण शेवटच्या मोजणीत तो नव्हताच, पण विक्री लिहिली नाही, त्यामुळे बिलाची पूर्ण रक्कम ढोबळ नफ्यातून गेली, नुसतं मार्जिन नाही. बिलं केली, जीएसटी व्याजासकट भरला, आणि टक्का जुळला. नुसता निव्वळ नफा बघितला असता तर ती उधारी कोणी मागितलीच नसती.

पण हा टक्का खोटंही बोलतो, ते पण ऐका. माल आणायचं भाडं कोणी टॅलीत इनडायरेक्ट खर्चात टाकलं की ढोबळ नफा फुगतो, निव्वळ नफा तोच राहतो, म्हणून दोन वर्षांची तुलना करताना आधी बघायचं की खर्च दोन्ही वर्षी एकाच खात्यात टाकलाय का. माल पोचवायचं भाडं मात्र खालीच जातं, ते विक्रीचं आहे. दुसरं म्हणजे शिल्लक माल. तो एक लाखानं कमी धरला की या वर्षी नफा एक लाखानं कमी आणि पुढच्या वर्षी तेवढाच जास्त, कारण याची शेवटची शिल्लक हीच त्याची सुरुवातीची. त्यामुळे टक्का एक वर्ष १५, पुढं २५, परत १५ असा झोके घेत असेल तर धंद्याला दोष देण्याआधी मोजणी तपासा.

तुमच्या कागदावर ३१ मार्चचा शिल्लक माल १०,००,००० किंवा १२,५०,००० असा गोल आकडा असेल तर तो बहुतेक गल्ल्यावर बसून अंदाजानं सांगितलेला आहे (आमच्याकडे दहापैकी आठ जण तसाच सांगतात), आणि त्याच्यावर काढलेला ढोबळ नफा पण अंदाजच. आधी एका रविवारी दुकान बंद ठेवून माल खरा मोजून घ्या, खरेदीच्या भावानं, जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर जीएसटी सोडून, आणि मग गेल्या दोन-तीन वर्षांचे टक्के शेजारी लिहा.