सात सीटर फुल भरल्यावर ८८ एच ऐवजी ८४ टी टायर चालतो का?

"आमच्या सात सीटरला कंपनीचे १८५/६५ आर १५, ८८ एच टायर आहेत. दुकानदार १७५/६५ आर १५, ८४ टी स्वस्तात देतोय, म्हणतो काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात सगळं घर भरून समृद्धीवरून जाणं होतं. चालेल का?"

नाही चालणार भाऊ. आणि अडचण त्या 'टी' ची नाहीच, ८४ ची आहे. जालन्यात माझं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे, गिऱ्हाईक सगळे अक्षराचंच विचारतात, आकडा कुणी बघत नाही.

अक्षर म्हणजे स्पीड रेटिंग, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किमी ताशी. समृद्धीवर कारला लिमिट १२० ची आहे म्हणजे दोन्हीत बसतं, तरी कंपनीनं एच दिलाय तर एचच घ्या, कारण अक्षर जेवढं वरचं तेवढा तो टायर वेगात होणारी गरमी जास्त सोसतो आणि आपल्याकडं मे महिन्यात खालचं काँक्रीट कसं तापतं हे तुम्हाला सांगायला नको.

आता आकडा. हा लोड इंडेक्स, किलो नव्हे, त्याचा तक्ता असतो. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. लोक लगेच चारनं गुणतात, ५०० चोक दोन हजार, गाडी तर भरून सतराशेची, मग काय झालं! पण वजन चारी चाकांवर सारखं पडतच नाही ना. तुमच्यासारखी गाडी रिकामी साधारण १२०० किलो धरा, त्यातलं मागच्या चाकांवर ५०० च्या आसपास. आता माणशी ६५ किलो धरून सात माणसं आणि ८० किलो सामान टाका. पुढच्या दोघांचं निम्मं वजन मागं येतं, मधल्या तिघांचं पाऊण, शेवटच्या सीटवरच्यांचं सगळं, आणि डिकीतलं सामान तर एक्सलच्याही मागं लटकतं म्हणून स्वतःपेक्षा थोडं जास्तच पडतं. बेरीज करा, मागं ९३० किलोच्या जवळ जातं, म्हणजे एका टायरवर ४६५. वर कॅरियर बांधून पाव्हण्यांच्या बॅगा टाकल्या तर आणखी.

तुम्ही म्हणाल ४६५ म्हणजे ५०० च्या आतच आहे की. इथंच घोळ आहे. ते ५०० किलो साध्या टायरला साधारण ३६ पीएसआय हवा असतानाचे आहेत, हवा कमी तसा भार कमी. ३० वर ८८ वाला टायर ४८० च्या आसपास पेलतो आणि ८४ वाला जेमतेम ४३०. म्हणजे तीच गाडी, तीच माणसं, ८४ वर ओव्हरलोड. आणि आपल्याकडं तर उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, गरम झाल्यावर फुटतो असं पंक्चरवाल्यापासून मामापर्यंत सगळे सांगतात, ते ऐकूच नका, हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आतून तापते आणि मग फुटतो तो त्या गरमीनं.

असा टायर रिमवरून उतरवला की लगेच कळतं, आत हात फिरवा, रबराची काळी भुकटी बोटाला लागते आणि बाजूच्या आतल्या भिंतीवर गोल पट्टा घासलेला दिसतो. बाहेरून मात्र नक्षी चांगली असते, म्हणून मालक म्हणतो, अजून नवाच आहे की! तो टायर परत चढवायचा नसतो, पंक्चर काढून तर अजिबात नाही.

काही जण उलट ९२ एक्सएल बसवतात, १८५/६५ मध्ये मिळतो, त्यावर ६३० किलो लिहिलेले असतात. चांगलाय, पण ते ६३० मिळतात ४२ पीएसआयला. हवा ३० च ठेवली तर तो पण ४८० च पेलतो, पैसे जास्त गेले, हाती काही नाही.

मग करायचं काय, १८५/६५ आर १५, ८८ एच घ्या, चारी सारखे. ड्रायव्हरच्या दारात खांबावर स्टिकर असतो, त्यावर फुल लोडची हवा वेगळी दिलेली असते, मागच्या चाकांची बहुतेक जास्तच, तेवढी सकाळी निघायच्या आधी थंड टायरमध्ये भरा. रस्त्यात पंपावर मीटरनं दोन-चार जास्त दाखवलं तर हवा काढू नका, गरमीनं ते वाढतंच.

आणि खरंच किती वजन पडतं ते बघायचंय तर सगळ्यांना बसवून, सामान भरून जिनिंगच्या वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. आलेल्या आकड्याचं निम्मं करून वरच्या हिशोबाशी लावून बघा. आमच्या एका गिऱ्हाइकानं तसं केलं, कॅरियर त्याच दिवशी उतरवला.